न घातलेले कंस

मंजूषाताईंना राग धरता येतो. राग सगळ्यांनाच येतो, मलाही येतो आणि चहा होईपर्यंत निघून जातो. ताईंचं तसं नाही. त्यांच्या लग्नात त्यांच्या वडिलांना एका आत्येसासूबाईंनी दुसऱ्या पंगतीला बसवलं होतं, म्हणून त्या बाईंच्या घरी ताई आजतागायत पाणीही प्यायलेल्या नाहीत. जातात, बसतात, हसून बोलतात. पाण्याचा पेला तसाच ठेवून निघतात. मला हे त्यांच्याबद्दल सगळ्यात आधी कळलं आणि मी मनाशी म्हटलं, सुरुची, या बाईशी भांडायचं नाही.

मी इंदूरची. भोपाळला जवाहर चौकातल्या एका कोचिंग क्लासमध्ये दहावीला सायन्स शिकवते आणि ताई गणित शिकवायच्या. त्यांचे यजमान जितेंद्रराव नाशिकहून बरखेड्याच्या कारखान्यात नोकरीला आले. संसाराची बरीच वर्षं तिथल्या क्वार्टरमध्ये गेली आणि निवृत्तीच्या सुमारास त्यांनी बाग सेवनियाला घर घेतलं. भोपाळमध्ये इतकी वर्षं काढूनही ताईंच्या मराठीत हिंदी शिरलेलं नाही. मी 'गाडी चालू करून घेतली' म्हटलं की त्या नुसत्या माझ्याकडे बघतात. मग मी वाक्य सुधारते.

वर्गात मात्र त्या मुलांशी हिंदीतच बोलायच्या आणि मुलं त्यांना 'ब्रॅकेटवाली मैडम' म्हणायची. कारण साधं होतं. आमच्याकडे मुलांचे डाउट फोनवर यायचे, ग्रुपमध्ये. फोटो पाठवायला बंदी, कारण एकदा परवानगी दिली होती तर मुलांनी अख्ख्या वह्या पाठवल्या होत्या. त्यामुळे जे विचारायचं ते टाइप करून. आता पुस्तकात अपूर्णांक कसा छापलेला असतो? वर एक, मध्ये आडवी रेघ, खाली दोन, आणि x एकतर त्या रेघेखाली दोनला चिकटून असतो, नाहीतर रेघेच्या बाहेर, शेजारी उभा असतो. पाहिलं की कळतं. पण पोरगं घाईघाईत फोनवर टाइप करतं, 1/2x. झालं. आता x खाली आहे की शेजारी, हे त्या पोराला आणि देवालाच ठाऊक. (1/2)x म्हणजे x चं निम्मं. 1/(2x) म्हणजे x च्या दुपटीने एकाला भागायचं. x जर चार असेल तर पहिलं दोन होतं आणि दुसरं एक अष्टमांश. दोन नि एक अष्टमांश यांत काही शेजारपाजार नाही.

म्हणून ताई उत्तर द्यायच्या आधी उलट विचारायच्या, "ब्रैकेट कहाँ है, बेटा?" पोरगं कंस घालून परत पाठवायचं, मग उत्तर. महिनाभरात बॅचला सवयच लागली. त्या बॅचचं टायपिंग पाहून मला माझ्या रसायनांची समीकरणं लिहायला त्यांच्याकडून शिकावंसं वाटायचं.

हे सगळं बिघडवलं अंबरीश सरांनी. क्लास त्यांचा. ग्वाल्हेरचं मराठी घराणं, बोलायला गोड, मतलब असला की 'ताई' आणि नसला की 'मैडम'. गेल्या वर्षी त्यांनी रिसेप्शनमध्ये मोठा टीव्ही लावला. त्यावर प्रत्येक शिक्षकाचं नाव आणि समोर किती डाउट सुटले, किती पेंडिंग. उलट प्रश्न विचारला की तो डाउट पेंडिंगमध्ये धरला जायचा आणि नावापुढे लाल पट्टी यायची. पालक फी भरायला आले की आधी टीव्ही बघायचे. ताईंच्या नावापुढे कायम लाल.

सरांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. मी बाजूच्याच टेबलाशी पेपर तपासत होते, आणि त्या केबिनच्या भिंती नुसत्या प्लायवुडच्या आहेत.

"ताई, बच्चा पूछता है, आप उलटा उसीसे पूछती हैं. पालक काय म्हणतील? यापुढे उलट प्रश्न नाही. जे लिहून आलंय त्याचं उत्तर द्यायचं, बस."

"जे लिहून आलंय त्याचे दोन अर्थ होत असतील तर?"

"एक्सपीरियंस है ना आपको. अंदाजा लगाइए."

ताई बाहेर आल्या. त्यांच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता, पण मला म्हणाल्या इतकंच, "गणितात अंदाज लावा म्हणतात. बरं."

आणि लावला त्यांनी अंदाज. शाळेच्या प्री-बोर्डच्या आदल्या दिवशी यश नावाच्या मुलाने विचारलं: 1/2x + 1/3y = 4 आणि 1/4x + 1/2y = 4, x आणि y काढा. ताई त्या आठवड्यात वर्गात x खाली असलेलीच समीकरणं घेत होत्या. त्यांनी तसं धरलं, नियमाप्रमाणे उलट न विचारता, आणि उत्तर पाठवलं: x पाव, y एक षष्ठांश. रीतसर, पायऱ्यांसकट.

यशच्या पुस्तकात x शेजारी होता. उत्तर होतं x चार, y सहा. नेमकं उलटं. या गणिताची गंमत अशी की दोन्ही बाजूंनी उत्तर स्वच्छ येतं, कुठेही अडत नाही, त्यामुळे करणाऱ्याला शंकाच येत नाही. पोराने ताईंची रीत पाठ केली, पेपरात तसलंच गणित आलं, त्याने तिथेही x खाली खेचला आणि मार्क गमावले. त्याचे वडील तावातावाने क्लासवर आले.

मालकाने काय करायला हवं होतं ते मी सांगायला नको. अंबरीश सरांनी काय केलं ते सांगते. महिन्याच्या पालक सभेत, हातात माइक, समोर शे-सव्वाशे पालक, त्यांनी तो मेसेज आणि ते उत्तर पडद्यावर मोठं करून दाखवलं आणि म्हणाले, "गलती हुई है, हम मानते हैं. मैडम पुरानी हैं, आजकल उनसे साधा भाग भी उलटा हो जाता है. टॉप बैच अब दूसरे सर लेंगे."

लोक हसले. यशचे वडीलही हसले. ताई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. मी त्यांच्या शेजारी होते. सभा संपल्यावर त्यांनी पर्समधून रुमाल काढला, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "माइकवर बोलला तो. माइकवर."

मला त्या माणसाच्या तोंडावर डस्टर फेकून मारावंसं वाटत होतं. मी तसं म्हटलंही. ताई म्हणाल्या, "डस्टरने काय होतं? कपडे झटकले की संपलं."

त्यांना नववीची बॅच दिली. गेल्या निमूट. टॉप बॅचची मुलं तरीही मधल्या सुट्टीत त्यांच्याकडे यायची, विशेषतः शमिका. सडपातळ, चष्मा लावणारी, बोलायला घाबरणारी मुलगी, पण गणितात पक्की. अजिंक्यही यायचा, तो जरा बडबड्या. ताई त्यांना जिन्यात उभ्या राहून शिकवायच्या. मी दिवसेंदिवस वाट बघत होते, की आता ताई काहीतरी करतील, भांडतील, राजीनामा फेकतील. काही नाही. मला तर वाटायला लागलं, बाई थकली.

मग जानेवारीत सरांनी नवीन टूम काढली. रविवारच्या पालक सभेत 'लाइव डाउट'. मुलांनी हॉलमध्ये बसून ग्रुपवर प्रश्न टाइप करायचा, तो पडद्यावर दिसणार आणि सर स्वतः, पालकांसमोर, फटाफट उत्तर देणार. जाहिरातीचे फलक अख्ख्या जवाहर चौकात लागले. ताईंनी ते फलक वाचले आणि मला त्यांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी प्रसन्नता दिसली. मी अंग चोरलं.

सभेच्या आदल्या दिवशी जिन्यात त्यांनी शमिकाला आणि अजिंक्यला एकेक कागद दिला. स्वतःच्या हाताने लिहिलेलं एकेक गणित, शेवटी उत्तर. मीही पाहिले दोन्ही. अजिंक्यच्या कागदावर एक तृतीयांश आणि शेजारी x. शमिकाच्या कागदावर तेच आकडे, पण x रेघेच्या खाली. "घरी करून बघा," ताई म्हणाल्या, "और न जमे तो कल सर से पूछ लेना. लाइव में."

"मैडम, टाइप कसं करायचं? ब्रैकेट लगाना है ना?" शमिकाने विचारलं. त्या मुलीचं मराठी असंच अर्ध्यात हिंदीत उतरतं.

ताई क्षणभर थांबल्या. मी त्यांच्याकडे बघत होते. इतकी वर्षं त्या बाईने एकाही पोराला कंसाशिवाय पुढे जाऊ दिलं नव्हतं.

"सर को जैसा पसंद है वैसा लिखो," त्या म्हणाल्या. "उनको ब्रैकेट अच्छे नहीं लगते."

मुलं गेली. मी म्हटलं, "ताई, हे जबरी आहे." आणि खरं सांगते, मला आनंदाने उडी मारावीशी वाटली. तो काहीही उत्तर देऊ दे, शेजारी धरू दे की खाली धरू दे, एक कागद त्याला खोटं ठरवणारच. यातून सुटायला एकच वाट होती: मुलांना उलट विचारायचं. आणि ती वाट त्याने स्वतःच्या हाताने बंद केली होती.

रविवारी हॉल खच्चून भरला होता. यशचे वडीलही आले होते. सरांनी नवीन जाकीट घातलं होतं. पहिले चार-पाच प्रश्न सोपे आले, त्यांनी ते धडाधड सोडवले, टाळ्या झाल्या. मग पडद्यावर अजिंक्यचं नाव आलं: 1/3x + 1/2y = 5, 1/3x + 1/4y = 3. आणि त्याच्या खाली लगेच शमिका, अक्षरन् अक्षर तेच.

"देखिए!" सर खूश झाले. "दोन मुलांचा एकच डाउट. एका दगडात काम." त्यांनी दोन समीकरणांची वजाबाकी केली, y ला चारने भागून दोन, म्हणजे y आठ, मग x तीन. "x तीन, y आठ. दोनों बच्चे लिख लो."

"सर, सही है!" अजिंक्य ओरडला. "मेरे पास यही आंसर है."

टाळ्या. ताई हाताची घडी घालून बसल्या होत्या. मग मागच्या रांगेतून शमिकाची आई उठली, कागद हातात. "सर, हमारी बच्ची के कागज़ पर तो x एक बटा तीन है, y एक बटा आठ. आपका तो पूरा उलटा है."

"कागज़ गलत होगा."

"सर, मैंने रखकर देखा है," शमिका उभी राहून म्हणाली, अगदी बारीक आवाजात. "मेरे वाले में बराबर आता है. पाँच भी, तीन भी."

एका पालकाने तो कागद मागून घेतला. शेजारच्याने अजिंक्यचा. दोन्ही कागद रांगेतून फिरू लागले. कुणीतरी म्हणालं, अरे, दोन वेगळी गणितं आहेत ही. यशचे वडील उभे राहिले, दोन्ही कागद डोळ्यांसमोर धरून पडद्याकडे बघत राहिले. त्या माणसाच्या डोक्यात काय चाललंय ते मला इथून दिसत होतं. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

सर घामाघूम झाले. आणि त्यांनी माइक तोंडाजवळ नेऊन शमिकावर आवाज चढवला. "टाइप करना नहीं आता तो पूछती क्यों हो? x नीचे है तो बताना चाहिए ना! सबका टाइम खराब किया. टॉप बैच में बैठने लायक हो?"

मुलगी उभीच होती. तिच्या चष्म्याच्या काचेआडून पाणी गालावर आलं, आणि ती ते पुसतही नव्हती.

ताई उठल्या. त्यांना माइक लागला नाही.

"तिला बोलू नका. दोन्ही गणितं माझी आहेत. कंस घालू नका असं मी सांगितलं, मुद्दाम." मग हिंदीत, सगळ्यांना कळेल असं: "यश ने भी ब्रैकेट नहीं लगाए थे. आपने मुझे पूछने से मना किया था, मैंने अंदाजा लगाया. आज आपने भी अंदाजा लगाया. मेरा भाग उलटा नहीं था, सर. सवाल आधा था."

यशच्या वडिलांनी मान खाली घातली. सर म्हणाले, "मैडम, कल से मत आइए."

"बरं," ताई म्हणाल्या आणि पर्स उचलली.

मी त्या दिवशी त्यांना स्कूटरवर बाग सेवनियाला सोडलं. वाटेत पेढे घेतले. जितेंद्ररावांनी चहा केला, मी हातवारे करून सगळं सांगितलं, शमिकाचा भाग सोडून. ताईंनी पेढा खाल्ला. मग म्हणाल्या, "अजून झालं नाही. त्याने माइकवर म्हटलं होतं."

बोर्डाची परीक्षा तोंडावर होती. टॉप बॅचचे पालक रोज क्लासवर यायला लागले, मैडम को बुलाइए. रिसेप्शनचा टीव्ही एक दिवस बंद दिसला, तो बंदच राहिला. आठवड्याने अंबरीश सर मिठाईचा डबा घेऊन ताईंच्या घरी गेले. ताईंनी मला आधी फोन करून बोलावून घेतलं होतं. मला वाटतं, साक्षीदार हवा होता.

"ताई, झालं ते झालं. बॅच परत घ्या. उलट प्रश्न विचारा, जितके हवे तितके."

"माइकवर बोला."

"काय?"

"तेव्हा जे माइकवर बोललात, ते माइकवरच मागे घ्या. त्याच हॉलमध्ये. यशला दिलेलं उत्तर लिहून आलेल्या प्रश्नाला धरून होतं, असं म्हणा."

"मी आत्ता इथे म्हणतो ना."

"इथे माइक नाही."

सरांनी माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीबाहेर पाहिलं. शेवटी ते हो म्हणून गेले. ताईंनी त्यांना पाणी विचारलं, चहा विचारला, दारापर्यंत पोचवलं. डबा मात्र परत त्यांच्या हातात दिला.

पुढच्या रविवारी ते बोलले. मी हॉलमध्ये बसून फोन चालू ठेवला होता, ताई घरून ऐकत होत्या. माणूस अडखळला, पण बोलला: मैडम का जवाब सही था, सवाल में कमी थी, और पूछने से मैंने रोका था, गलती मेरी थी. यशच्या वडिलांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. सभा संपल्यावर सरांनी माझ्याच फोनवर ताईंशी बोलून घेतलं, घाईने, कपाळ पुसत.

"ऐकलंत ना, ताई? मग उद्यापासून?"

"ऐकलं. छान बोललात," पलीकडून ताई म्हणाल्या. "उद्या मी येणार नाही."

"पण तुम्हीच तर म्हणालात..."

"मी बोला म्हटलं होतं. येते कधी म्हटलं?"

फोन बंद झाला. सर माझ्या हातातल्या त्या फोनकडे बघत राहिले. मी तिथून निघाले तेव्हा जिन्यात मला हसू आवरेना. इतका पुरता सूड मी कुठे पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी टॉप बॅचवर माझा तास होता. मुलांचे चेहरे पडले होते, परीक्षा उंबरठ्यावर आणि गणिताला पुन्हा कुणीतरी नवा. अजिंक्य म्हणाला, तो ताईंच्या घरी जाणार आहे शिकायला, त्यांनी बोलावलंय, फुकट. अजून चार-पाच जण जाणार होते. शमिका शेवटच्या बाकावर बसली होती. पूर्वी ती पहिल्या बाकावर बसायची. 'लाइव डाउट'च्या त्या रविवारपासून तिने ग्रुपवर एकही डाउट विचारला नव्हता, गणितात नाही, माझ्या विषयातही नाही.

मी संध्याकाळी ताईंकडे गेले. मुलं येणार म्हणून त्यांनी सतरंजी अंथरली होती, फळ्याचा तुकडा भिंतीला टेकवून ठेवला होता.

"शमिकाला सांगितलंस ना?" त्यांनी विचारलं.

"सांगितलं. ती येणार नाही म्हणते."

"का? लांब पडतं का? जितेंद्र आणून सोडतील."

मी सांगून टाकलं, कारण या बाईपासून लपवून काही उपयोग नसतो. "म्हणाली, मैडम को पता था सर चिल्लाएँगे. मुझे बताकर भेजतीं तो मैं जाती भी. बताया क्यों नहीं."

ताईंच्या हातात खडू होता. तो त्यांनी फळ्याच्या कडेवर ठेवला.

"मी तिच्या घरी जाते," त्या म्हणाल्या. "आत्ताच जाते. तू येतेस?"

आम्ही गेलो. तिच्या आईने दार उघडलं, आत घेतलं, खुर्च्या दिल्या. शमिका आतल्या खोलीतून आली, दोघींना नमस्कार केला. ताई तिच्याशी बोलल्या. चुकलं म्हणाल्या, स्पष्ट शब्दांत, दोनदा. मी त्यांच्या तोंडून तो शब्द पहिल्यांदाच ऐकत होते. मुलीने सगळं ऐकून घेतलं, मान हलवली, अगदी नीट हसलीसुद्धा.

"ठीक है, मैडम," ती म्हणाली. "लेकिन मैं नहीं आऊँगी."

ताई त्या मुलीकडे बघत बसल्या, आणि मला कळलं की हिला मनवता येणार नाही हे त्या खोलीत त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणालाच कळलेलं नव्हतं.